एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी: अशा बोलण्याचे मराठी सबटायटल्स कसे करावेत

डॉक्टरांनी मधुमेहावर मराठीत व्हिडिओ केला की त्यातलं बोलणं साधारण असं असतं:

“बघा, एचबीएवनसी इज नॉट अ डेली नंबर, ते तीन महिन्यांचं ॲव्हरेज आहे, सो कालचं जेवण त्यात दिसणार नाही. बट पेशंट काय करतात, टेस्टच्या आदल्या दिवशी गोड बंद करतात आणि मला म्हणतात, डॉक्टर, शुगर कंट्रोल झाली ना?”

हा तुकडा नमुन्यासाठी मीच बेतला आहे, पण असं बोलणारे डॉक्टर तुम्हाला कुठल्याही गावात भेटतील. हे साडेतेरा सेकंदांचं बोलणं आहे असं धरू आणि त्याचे मराठी सबटायटल्स शेवटपर्यंत तयार करू. इंग्रजी सबटायटल्सचा विषय वेगळा आहे, त्याला इथे हात लावत नाही.

काम हातात घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: वाचणार कोण? आरोग्याच्या व्हिडिओचे सबटायटल्स बहुतेक वेळा दोन प्रकारच्या माणसांसाठी लागतात. एक, ज्यांना ऐकू येतं पण फोनचा आवाज बंद आहे, किंवा डॉक्टरांचं इंग्रजी नीट उमगत नाही. दोन, ज्यांना ऐकूच कमी येतं. पहिल्यांना अर्थ हवा असतो. दुसऱ्यांपैकी बरेच जण ओठांकडेही बघत असतात, त्यामुळे बोललेलं आणि लिहिलेलं फार वेगळं असलं की त्यांचा गोंधळ होतो. आपण पहिल्या वाचकाला धरून चालू आणि दुसऱ्यासाठी कुठे वेगळं करायचं ते त्या त्या ठिकाणी सांगेन. काम देणाऱ्याला हे आधी विचारून घ्या. “दोघांनाही चालेल असं करा” असं उत्तर आलं तर पहिल्या पद्धतीने करा, पण तसं लेखी कळवून ठेवा.

आधी कच्चं लेखन, जसंच्या तसं

वेळ लावायच्या आधी सगळं बोलणं साध्या मजकुरात उतरवून घ्या, देवनागरीत, अडखळणं आणि “यू नो” सकट. नवखे लोक ऐकता ऐकताच वाक्य सुधारतात आणि मग मूळ काय होतं तेच हरवतं. वाक्यातली भाषा कुठे बदलते हे पाहायचं असेल तर मूळ वाक्य समोर लागतंच. माझी सवय अशी की इंग्रजीचा सलग पट्टा आला की तो रंगवून ठेवायचा. वर दिलेल्या तुकड्यात असा एकच पट्टा आहे, “इज नॉट अ डेली नंबर”. “ॲव्हरेज”, “टेस्ट”, “शुगर कंट्रोल” हे पट्टे नाहीत, हे मराठी वाक्यात येऊन बसलेले शब्द आहेत. आणि “सो”, “बट” ही तिसरी जात, तिच्याकडे नंतर येऊ.

क्रियापद कुणाचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी नैरोबीतल्या लोकांचं स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोलणं अभ्यासून एक गोष्ट मांडली. अशा वाक्यात दोन्ही भाषा सारख्या तोलाच्या नसतात. एक भाषा वाक्याची चौकट पुरवते, दुसरी त्या चौकटीत शब्द भरते. मराठी-इंग्रजी बोलण्यालाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. “रिपोर्ट सबमिट केला का?” यात दोन शब्द इंग्रजी आहेत, पण “केला” हे रूप, त्याचं लिंग, वाक्याचा क्रम आणि प्रश्नाचा “का” मराठी आहे. हे मराठी वाक्य आहे. ते देवनागरीत, मराठीच्या प्रत्ययांसकट, सलग लिहायचं. त्याचं भाषांतर करून “अहवाल सादर केला का?” असं लिहिणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडी सरकारी पत्र घालणं.

“इज नॉट अ डेली नंबर” मध्ये मात्र क्रियापद इंग्रजी, नकार इंग्रजी आणि शब्दांचा क्रमही इंग्रजी आहे. फक्त कर्ता दोन्हींकडे चालेल असा आहे. इथे चौकटच बदलली. म्हणून कसोटी सोपी ठेवा: वाक्यखंडाचं क्रियापद मराठी रूप घेत असेल तर तो खंड मराठी, त्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द जसाच्या तसा देवनागरीत ठेवा. क्रियापद स्वतःच्या इंग्रजी रूपात उभं असेल तर तो खंड इंग्रजी, त्याचा मराठी अनुवाद लिहा.

अनुवाद का, नुसतं देवनागरीत का लिहू नये? “इज नॉट अ डेली नंबर” आणि “हा रोजचा आकडा नाही” ही दोन्ही चिन्हं मोजून पाहा, मोकळ्या जागा धरून दोन्ही नेमकी १८ भरतात. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. प्रश्न वाचण्याचा आहे. ओळखीचा शब्द डोळा एका झेपेत उचलतो. “नंबर”, “टेस्ट” हे देवनागरीत हजारदा पाहिलेले असतात. पण “इज”, “नॉट”, “अ” हे देवनागरीत कुणी वाचत नाही. वाचकाला ते अक्षर अक्षर जोडून, मनात उच्चारून, मग इंग्रजीत परत नेऊन समजून घ्यावे लागतात. ज्याला इंग्रजी येतं त्याला हा उपद्व्याप, ज्याला येत नाही त्याला तेवढंही नाही.

ओठ वाचणाऱ्या प्रेक्षकांसाठी तंतोतंत लेखन हवं असेल तर असा पूर्ण इंग्रजी खंड रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगने लिहा. इंग्रजी वाक्य देवनागरीत हा पर्याय दोन्ही वाचकांसाठी वाईटच आहे.

काठावरची उदाहरणं येतीलच. “दॅट्स इट, एवढंच करायचं.” “नो प्रॉब्लेम, उद्या या.” ही दोन-तीन शब्दांची ठरीव बोलणी आहेत. “नो प्रॉब्लेम” आता वाचकाच्या ओळखीचं आहे, राहू द्या. “दॅट्स इट” देवनागरीत विचित्र दिसतं आणि पुढे “एवढंच” आहेच, म्हणून ते गाळा. नियम ताणून धरण्यापेक्षा हा शब्द लोकांनी देवनागरीत छापलेला पाहिला आहे का, एवढं विचारा. वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या फलकावर पाहिला असेल तर ठेवा.

इंग्रजीत वळण्याला कधी कधी कारणही असतं. डॉक्टर म्हणतात, “मी त्यांना म्हटलं, काका, डोंट स्टॉप द टॅब्लेट्स.” इथे ते स्वतःचंच बोलणं उद्धृत करत आहेत आणि इंग्रजीमुळे त्याला हुकमाचा जोर येतो. अनुवाद करताना अवतरणचिन्हं घाला, जोर वाक्याच्या बांधणीत आणा: “काका, गोळ्या बंद करायच्या नाहीत!” आणि हे विसरू नका की इंग्रजीतून मराठीत येताना तू की तुम्ही हे तुम्हालाच ठरवावं लागतं. डॉक्टर आणि काका यांच्यात ते “तुम्ही”च असणार. शंका असेल तर व्हिडिओत डॉक्टर त्याच माणसाशी किंवा तशा वयाच्या माणसाशी मराठीत कसे बोलले आहेत ते शोधा, सहसा सापडतं.

दोनदा म्हटलेलं आणि नुसतं भरणीचं

मिश्र बोलणाऱ्यांची एक सवय सबटायटल करणाऱ्याच्या फार उपयोगाची असते. ते एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगतात. “किडनी डॅमेज इज सायलेंट, म्हणजे कळतच नाही.” “हे कंपल्सरी आहे, करावंच लागतं.” ऐकताना यात काही खटकत नाही, उलट ठसतं. वाचताना मात्र वेळ दुप्पट लागतो. अशा जोडीतला मराठी भाग ठेवा: “किडनी खराब होतेय हे कळतच नाही.” जिथे वेळ कमी पडत असेल तिथे पहिली कात्री इथेच चालवा, कारण अर्थाचं काही जात नाही. अपवाद एकच, तो इंग्रजी शब्द वाचकाला पुढे रिपोर्टवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर भेटणार असेल तर दोन्ही ठेवा.

“बेसिकली”, “ॲक्च्युअली”, “यू नो”, “आय मीन” हे बहुतेक वेळा श्वास घ्यायच्या जागा असतात, काढून टाका. “ॲक्च्युअली” मात्र तपासा. “ॲक्च्युअली तसं नाहीये” मध्ये तो “खरं तर”चं काम करतो, समोरच्याचं म्हणणं खोडतो. तिथे तो हवा. “सो” आणि “बट” वाक्यं जोडतात, त्यामुळे ते काढले तर तर्काचा धागा तुटतो. मी ते “म्हणून” आणि “पण” असे लिहितो, कारण “सो” देवनागरीत वाचताना डोळा अडखळतो आणि “बट” म्हटलं की आधी केसांची बट आठवते. एखाद्या वेब मालिकेत पुण्याच्या आयटीतली तरुणी दर वाक्याला “बट” म्हणत असेल आणि तो तिचा स्वभाव असेल, तर तिथे चार “बट” राहू द्या. डॉक्टरांच्या व्हिडिओत स्वभाव दाखवायचा नाहीये.

शब्दांचं कोष्टक आणि ॲचा घोळ

वीस मिनिटांच्या व्हिडिओत “डायबेटिस” कुठे “डायबिटीज”, कुठे “डायबेटीस” असा लिहिला गेला की वाचकाचं लक्ष त्या बदलाकडेच जातं. म्हणून एका साध्या शीटमध्ये प्रत्येक इंग्रजी शब्द कसा लिहायचा ते पहिल्यांदा आला तेव्हाच नोंदवा. स्पेलिंग कुठलं निवडता याला फारसं महत्त्व नाही, एकच निवडा एवढंच.

एवढं मात्र पाळा की लेखन मराठीचं हवं. इंटरनेटवर इंग्रजी शब्दांची देवनागरी रूपं शोधली की हिंदी वळणाची रूपं आधी येतात: टैबलेट, एवरेज, विटामिन. मराठीत टॅब्लेट, ॲव्हरेज, व्हिटॅमिन. “कॅट”मधल्या स्वराला मराठीत चंद्र लागतो, हिंदीत दोन मात्रा. इंग्रजी “व्ही”च्या उच्चाराला मराठीत “व्ह”. शेवटी पाय मोडायचा नाही, म्हणजे “रिपोर्ट” लिहायचं, टचा पाय मोडून नाही. आणि बोलण्यातली रूपं “केलं, झालं, महिन्यांचं” अशी अनुस्वाराने लिहा. माणसाच्या तोंडचं बोलणं आहे, तिथे “केले, झाले” परकं वाटतं.

कोष्टकात लिंगाचा रकाना करू नका, किंवा केलात तर बोलणाऱ्याच्या नावाने करा. कुणी “तो मेल आला” म्हणतं, कुणी “ती मेल आली”. स्पेलिंग तुमचं, लिंग बोलणाऱ्याचं. कानावर “मेल आली” पडत असताना पडद्यावर “मेल आला” दिसला की प्रेक्षकाला ती तुमची चूक वाटते, आणि ती असतेच.

काही इंग्रजी शब्द देवनागरीत आले की दुसऱ्या इंग्रजी शब्दाशी एकरूप होतात. डॉक्टरी बोलण्यात दोन जोड्या हमखास सापडतात. “टेस्ट” म्हणजे तपासणीही आणि चवही. “पेन” म्हणजे दुखणंही आणि इन्सुलिनचं पेनही. “इंजेक्शनच्या जागी पेन होतंय” हे वाक्य बोलताना कळतं, वाचताना क्षणभर घोटाळा होतो. अशा जोडीतल्या एका अर्थाला मराठी शब्द द्या: चव, दुखतंय. कोष्टकात ही नोंद ठळक करा.

आता ॲ. हे अक्षर टाइप करायच्या तीन-चार तऱ्हा आहेत आणि पडद्यावर त्यातल्या बऱ्याच जवळपास सारख्याच दिसतात. कुणाच्या कीबोर्डवर ॲ एकसंध येतं, कुणाकडे अ आणि चंद्र वेगवेगळे, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. हिंदी कीबोर्डवरून येणारं अक्षर तर वेगळंच असतं. परिणाम असा की फाइलमध्ये “ॲव्हरेज” शोधलं की बारापैकी सातच सापडतात, आणि काही टीव्हींवर चंद्र अक्षराच्या बाजूला तरंगतो. काम संपल्यावर सगळी रूपं एक करून घ्या. पायथन येत असेल तर एवढं पुरतं:

```python
p = "madhumeh.mr.srt"
s = open(p, encoding="utf-8").read()
for x in ("\u0905\u200d\u0945", "\u0905\u0945", "\u090d"):
    s = s.replace(x, "\u0972")
open(p, "w", encoding="utf-8").write(s)
```

येत नसेल तर सबटायटलच्या सॉफ्टवेअरमधल्या शोधा-आणि-बदला सोयीने, एकेक रूप चिकटवून हेच करता येतं.

रोमन लिपी कधी, आकडे कुठले

मराठी सबटायटलमध्ये रोमन अक्षरं किती असावीत यावर लोक तावातावाने वाद घालतात. मला एकच प्रश्न पुरतो: हा शब्द वाचकाला पुढे कुठे आणि कुठल्या लिपीत दिसणार आहे? `HbA1c` प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर असाच छापलेला असतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट रिपोर्टवर शोधायची तर तो शब्द पडद्यावर तसाच हवा. “एचबीएवनसी” लिहिलं तर उच्चार कळेल, पण रिपोर्टवरची ओळ सापडणार नाही. उलट “फास्टिंग शुगर” प्रेक्षक तोंडाने बोलतो, औषधाच्या दुकानात सांगतो, तो देवनागरीतच राहू द्या. वेबसाइटचा पत्ता, ॲपमधल्या बटणाचं नाव, फाइलचं नाव हेही स्क्रीनवर दिसतं तसं रोमनमध्ये.

रोमन शब्दाला मराठी प्रत्यय लावणं हे ठिगळासारखं दिसतं. `HbA1c` ला “चं” चिकटवलं तर वाचवत नाही, मध्ये जागा सोडली तर ओळ तुटताना “चं” एकटाच खाली जातो, जोडरेघ दिली तरी तिथेच तुटायचा धोका. यावर जुना आणि सोपा उपाय आहे. मध्ये एक देवनागरी नाम घाला आणि प्रत्यय त्याला द्या: “HbA1c टेस्टचं”, “HbA1c रिपोर्टमध्ये”. सहा ते आठ चिन्हं वाढतात, पण ओळ सरळ वाचली जाते.

आकडे सरसकट देवनागरी ठेवा. डॉक्टर “सिक्स पॉइंट फाइव्ह” म्हणोत की “साडेसहा”, लिहा ६.५. “वन ट्वेंटी सिक्स” असेल तर १२६. एका व्हिडिओत दोन्ही प्रकारचे आकडे मिसळू नका, आणि हा सौंदर्याचा मुद्दा नाही. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी १ घाईत इंग्रजी नवासारखा. मधुमेहाच्या व्हिडिओत चार आणि आठ यांची अदलाबदल झाली तर गंमत राहत नाही. रिपोर्टचा फोटो पडद्यावर असेल आणि त्यातले आकडे इंग्रजी असतील, तर मात्र तेवढ्या सबटायटलमध्ये आकडा इंग्रजीत देता येतो, कारण प्रेक्षक दोन्हीकडे आळीपाळीने बघत असतो.

ओळ कुठे तोडायची आणि किती वेळ ठेवायची

बऱ्याच ठिकाणी मिळणारी चौकट अशी असते: जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ४२ चिन्हं, एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, सेकंदाला साधारण १७ ते २० चिन्हं. काम देणाऱ्याचे आकडे वेगळे असतील तर त्यांचे पाळा. पण ही चौकट मुळात रोमन लिपीच्या अंदाजाने आखलेली आहे हे लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा मोजतं. “टेस्टच्या” हा शब्द त्याला नऊ चिन्हांचा वाटतो, डोळ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात, टे-स्ट-च्या. “आकडा” मध्येही तीनच अक्षरं, पण सॉफ्टवेअर चार मोजतं. इंग्रजी शब्दांत जोडाक्षरं फार, म्हणून मिश्र ओळ लवकर मर्यादा ओलांडते आणि सॉफ्टवेअर ती लाल दाखवतं. लाल दिसलं की लगेच शब्द कापायला धावू नका, आधी स्वतः वाचून पाहा. दुसरीकडे, फोनवर बघणाऱ्या वयस्कर प्रेक्षकांसाठी मी ओळीत ३६ चिन्हांच्या पुढे जात नाही आणि वेग १५-१६ च्या आसपास ठेवतो.

ओळ तोडताना मिश्र बोलण्यात एक जास्तीचा नियम लागतो. इंग्रजी शब्द आणि त्याला मराठी करून घेणारं क्रियापद, म्हणजे “कंट्रोल झाली”, “चेक करा”, “ॲडमिट केलं”, ही जोडी एकाच ओळीत हवी. वरच्या ओळीच्या शेवटी “चेक” आणि खालच्या ओळीत “करा” आलं तर वाचक “चेक” हे नाम समजतो, बँकेचा चेक, आणि मग मागे येतो. “फास्टिंग शुगर” सारखी विशेषण-नामाची जोडीही फोडू नका. प्रत्यय शब्दाला चिकटवूनच लिहा. “टेस्ट च्या” असं तोडून लिहायची सवय मोबाइलमुळे पसरली आहे, ओळ मोडते तेव्हा तिचा त्रास कळतो.

आता सगळं एकत्र. आपल्या तुकड्याची फाइल अशी होते:

```
41
00:04:10,200 --> 00:04:14,500
बघा, HbA1c हा रोजचा आकडा नाही,
ते तीन महिन्यांचं ॲव्हरेज आहे.

42
00:04:14,600 --> 00:04:17,000
म्हणून कालचं जेवण त्यात दिसणार नाही.

43
00:04:17,100 --> 00:04:20,700
पण पेशंट काय करतात,
टेस्टच्या आदल्या दिवशी गोड बंद करतात

44
00:04:20,800 --> 00:04:23,800
आणि मला म्हणतात,
“डॉक्टर, शुगर कंट्रोल झाली ना?”
```

पहिल्या सबटायटलच्या दोन्ही ओळी तीस-तीस चिन्हांच्या, ४.३ सेकंदांत ६०, म्हणजे सेकंदाला १४. पुढचे तिन्ही १५ ते १६ च्या आत. इंग्रजी खंड मराठीत आला, “ॲव्हरेज” राहिला कारण क्रियापद “आहे” आहे. इथे “सरासरी” लिहिण्याचा मोह होतो. पण पुढच्याच मिनिटाला डॉक्टर पुन्हा “ॲव्हरेज” म्हणणार, तो शब्द ऐकू येणार, आणि हा शब्द क्रिकेटमुळे आजोबांनाही माहीत आहे. “आकडा” आणि “नंबर” बद्दल मी थोडा घुटमळलो. “हा रोजचा नंबर नाही” असंही चाललं असतं, पण मराठीत “नंबर” म्हटलं की फोनचा किंवा रांगेतला नंबर आधी आठवतो.

भाषा जिथे बदलते तिथेच सबटायटल तोडायचं, असं काही जण शिकवतात. मला ते पटत नाही. भाषा बदलते ती बहुतेकदा वाक्याच्या मधोमध, आणि सबटायटल तुटायला हवं अर्थाच्या टोकाला. पहिल्या सबटायटलमध्ये बोलणं इंग्रजीतून मराठीत येतं, तरी दोन्ही भाग एकत्रच हवेत, कारण “रोजचा नाही” आणि “तीन महिन्यांचं” हा विरोध एका नजरेत दिसला तरच मुद्दा पोचतो.

तपासणी आणि फाइल देणं

आवाज बंद करून संपूर्ण व्हिडिओ एकदा बघा. जिथे थांबून मागे जावंसं वाटलं तिथे खूण करा. मग घरातल्या किंवा ओळखीच्या अशा माणसाला दाखवा ज्याला इंग्रजी फारसं येत नाही, आणि “समजलं का” असं विचारू नका, लोक हो म्हणतात. “टेस्टच्या आदल्या दिवशी गोड बंद केलं तर काय होईल?” असं विचारा. उत्तर आलं तर सबटायटल चाललं. वैद्यकीय मजकूर असेल तर अनुवाद केलेले सगळे इंग्रजी खंड वेगळे काढून डॉक्टरांना एकदा डोळ्यांखालून घालायला द्या. पूर्ण फाइल दिली तर ते वाचत नाहीत, दहा ओळी दिल्या तर वाचतात.

फाइल UTF-8 मध्येच सेव्ह करा, नाहीतर उघडताना सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन दिसते. नावात भाषेचा कोड ठेवा, `madhumeh.mr.srt` असा, म्हणजे बरेच प्लेअर मराठी आपोआप ओळखतात. तंतोतंत लेखनाची दुसरी फाइल केली असेल तर तिचं नाव वेगळं ठेवा आणि कोणती कुणासाठी हे सोबत लिहा.

सबटायटल्स व्हिडिओवर कायमचे छापायचे असतील तर आधी एडिटिंग सॉफ्टवेअरची परीक्षा घ्या. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. ते नसलं की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. परीक्षेसाठी एक ओळ पुरते: “दुसऱ्या क्लिनिकमधल्या HbA1c टेस्टचं ॲव्हरेज”. यात ऱ्या, क्लि, स्ट, ॲ आणि रोमन अक्षरं सगळं आहे. ऱ्या फुटला, क्लि उलटा झाला किंवा `HbA1c` बाकीच्या ओळीपेक्षा बारीक दिसला तर फॉन्ट बदला. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घडणीत असलेला फॉन्ट घ्या. मुक्ता, म्हणजे यादीत दिसणारा `Mukta`, हा मोफत आहे आणि दोन्ही लिप्या त्यात एका मापात बसतात. ही परीक्षेची ओळ फोनच्या पडद्यावर, उन्हात, चष्मा न लावता वाचता येते का तेही बघा, आणि मगच पूर्ण व्हिडिओ छापायला लावा.